नावावरून ठरवलेला सण

बिजागऱ्या आणि कड्या परदेशी पाठवणाऱ्या त्या कंपनीत ग्राहकांना पत्रं लिहायचं काम वहिनींचं. मालक म्हणजे त्यांचे थोरले दीर. नवरा गेल्यावर त्यांनीच वहिनींना इथे खुर्ची दिली आणि त्यांना व लेकीला आपल्या घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या दिल्या. त्यामुळे भांडायचं म्हटलं तर ऑफिसात भांडण आणि जिन्यावर अबोला, असा दुहेरी फास होता. आपलेच दात, आपलेच ओठ.

शुभेच्छांची वहिनींची एक रीत होती. आपला सण आला की त्या सगळ्यांना लिहीत, "आमच्याकडे सणाची सुट्टी आहे, कारखाना चार दिवस बंद राहील. इथे सगळे आनंदात आहेत, त्यातला थोडा आनंद तुमच्याकडे पाठवते. तुमची माणसं सुखात असोत." कुणाचा देव कोणता, हे त्या धरून चालत नसत. समोरच्यानं स्वतःच्या सणाचं नाव काढलं, तरच पुढच्या वेळी त्या नावानं शुभेच्छा.

भावजींना हे मिळमिळीत वाटायचं. "जरा आपुलकी दिसू दे की," ते म्हणाले. "माणसाच्या नावावरून कळतंच ना कुठला कोण ते. ज्याला त्याला त्याच्या सणाला गाठायचं."

"नाव आईबापांनी ठेवलेलं असतं, भावजी. माणूस पुढे काय मानतो ते नावात कुठं असतं?"

"तू फार विचार करतेस," भावजी हसले. आणि कॉम्प्युटरवाल्याकडून सगळ्या ग्राहकांची धर्मवार विभागणी करून घेतली. त्यातल्या एका गटाचा सण आला, तेव्हा सकाळी त्या सगळ्यांना दिव्यांच्या चित्रासकट शुभेच्छा गेल्या. "या पवित्र दिवशी आपल्या कुटुंबासोबत प्रार्थनेला बसताना…" आणि खाली सही वहिनींची, कारण पत्रांखाली सही त्यांचीच असायची.

वहिनींना हे कळलं ते एक उत्तर आलं तेव्हा. ते उत्तर होतं फर्निचरवाल्या बाईचं. दूरच्या एका बंदरातल्या शहरात तिचं दुकान होतं. सात वर्षं दोघींचा पत्रव्यवहार होता. आधी गंज आणि स्क्रू, मग हळूहळू गुडघेदुखी, पोरीची परीक्षा, खिडकीतलं झाड. तिच्या पत्रात वहिनी कुणाच्या सून नव्हत्या, कुणाच्या विधवा नव्हत्या. खरं सांगायचं तर दिवसभरात तेवढा एकच कोपरा त्यांचा होता.

बाईनं लिहिलं होतं, "ती प्रार्थना मी सोडली, म्हणून त्या कुटुंबानं मला सोडलं. हे तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही. पण मी कुठली, हे तुम्ही कधी ठरवलं नाहीत, म्हणूनच तुम्हाला लिहायला बरं वाटायचं."

वहिनींनी ते पुन्हा एकदा वाचलं. भावजी येऊन खुर्चीमागे उभे राहिले.

"लिही, कॉम्प्युटरची चूक झाली. आणि विचारून घे, मग तुम्ही नक्की कुठला सण पाळता?"

"आता ते विचारायचं नाही," वहिनी म्हणाल्या. "एकदा न विचारता घरात घुसलो. आता उंबऱ्यावर उभं राहून चौकशी करायची?"

"बरं, ते राहू दे. पण माझं नाव त्यात आलं नाही पाहिजे. ऑर्डर मोठी आहे."

हे पत्र मी लिहिलं नव्हतं, एवढं एकच वाक्य वहिनींना लिहायचं होतं. बोटं त्या वाक्यापर्यंत जात आणि थांबत. मागून भावजींच्या श्वासाचा आवाज येत होता. घरी वरच्या खोलीत लेकीची शाळेची बॅग भावजींच्याच छताखाली पडलेली होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

शेवटी त्यांनी लिहिलं, "ते पत्र माझ्या सहीनं गेलं. तुमच्याबद्दल असं काही गृहीत धरण्याचा मला हक्क नव्हता. तुम्हाला दुखावलं, त्याबद्दल मनापासून माफी मागते. पुन्हा असं पत्र येणार नाही." सबब नाही, प्रश्न नाही. बटण दाबताना त्यांना स्वतःचीच चीड आली.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. भावजींनीच ते मोठ्यानं वाचलं.

"माफी पोचली. ऑर्डर कायम आहे. यापुढे पत्रव्यवहार आमच्या गोदामाच्या व्यवस्थापकाशी करावा."

"बघ, काही बिघडलं नाही," भावजी म्हणाले. आनंदात त्यांनी सगळ्या ऑफिसला चहा सांगितला.

वहिनींनी चहा घेतला. गोदामाच्या व्यवस्थापकाचा पत्ता टाकला आणि बिजागऱ्यांचे दर लिहायला घेतले. खाली सही आपलीच केली.