माफीनाम्याची दुरुस्ती

"चूक झाली ना पोरी, मग ती दिवा लावायच्या आत बोलून टाकायची. ती गिळून दिव्याम्होरं उभं ऱ्हायाचं न्हाई."

सासूबाईंचं, म्हणजे साळुबाईंचं, हे सांगणं. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली, पण वैजयंतीबाईंनी तो नेम काही सोडला नाही. सकाळी तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा नाही, मंगळवारी मीठ नाही, आणि सांगायची राहिलेली चूक पोटात ठेवून सांजवात नाही. पहिले दोन नेम सोपे. तिसऱ्याचीही फारशी अडचण येत नसे, कारण बाईंचा आवाज इतका हळू की त्यांच्या हातून चूक घडायलाही वेळ लागे. सोमवारी मात्र ती घडली, आणि घडली ती गप्प बसण्यातून.

खोडदच्या अलीकडची ही शाळा. बाई तिथं इंग्रजी शिकवायच्या. मुख्याध्यापक गोरख भोर सर मूळचे भूगोलाचे, पण मुख्याध्यापक झाल्यापासून त्यांना इंग्रजी येऊ लागलं होतं. सोमवारी गावाजवळच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीवरचे एक मोठे साहेब शाळा पाहायला बाराला येणार होते. म्हणून भोर सर साडेदहापासून नववीच्या वर्गात मुलांना 'इंग्लिश मॅनर्स' शिकवत होते. मागच्या बाकावर वैजयंतीबाईंना बसवलं होतं, शिकायला. मुलं पळू नयेत म्हणून गेटला कुलूप होतं, आणि किल्ली होती सरांच्या खिशात.

साहेब साडेअकरालाच आले. शिपाई बहिरूला गेट सोडवेना आणि उघडताही येईना. त्यानं अंगणात रांगोळीच्या रंगाचे डबे मांडणाऱ्या मनालला पिटाळलं. मनाल नववीतली, आळेफाट्याला पंक्चरचं दुकान असलेल्या रिजवानभाईंची मुलगी. ती धावत आली, दारात थांबली, दम खाल्ला आणि शिकवल्याबरहुकूम म्हणाली, "सॉरी टु डिस्टर्ब यू, सर."

भोर सरांचे डोळे असे चमकले, जणू देवानंच त्यांना उदाहरण धाडलं.

"थांब! तिथंच थांब. सगळ्यांनी ऐकलं? काय चुकलं?"

वर्गानं खाली बघितलं. चुकलंय असं सरांनी म्हटल्यावर चुकलेलं असतंच; काय, ते सर सांगतात.

"सॉरी *फॉर डिस्टर्बिंग*! फॉर हे प्रीपोझिशन. प्रीपोझिशननंतर क्रियापदाला आयएनजी. सॉरी टु असं जगात कोणी म्हणत नाही. म्हण."

"सर, गेटवर—"

"आधी म्हण!"

मनालनं म्हटलं. सगळ्या वर्गानं म्हटलं. मग रांगेनुसार म्हटलं, मग मुलांनी, मग मुलींनी. मधेच सरांनी विचारलं, "आणि हे टु तुला कोणी शिकवलं गं?"

मनालनं मागच्या बाकाकडे एकदा बघितलं. तिथं तिच्या बाई होत्या. मागच्याच महिन्यात बाईंनीच फळ्यावर लिहून शिकवलं होतं: एखाद्याला त्रास देतो आहोत किंवा आता देणार आहोत, तर दारातच 'सॉरी टु' आणि साधं क्रियापद. त्रास देऊन झाला, केलं त्याची माफी मागायची, तर 'सॉरी फॉर' आणि आयएनजी. सरांचं वाक्य चुकीचं नव्हतं. फक्त मनालचंही चुकीचं नव्हतं.

"कोणी नाही सर," मनाल म्हणाली. "माझं मीच."

वैजयंतीबाईंनी पदर सारखा केला. त्या क्षणी त्यांनी दुसरं काहीच केलं नाही.

पाचव्या आवृत्तीनंतर सर तृप्त झाले. "आता सांग, कशाला आली होतीस?"

"सर, पाहुणे गेटवर उभे आहेत. मघापासून."

भोर सर किल्ली काढत जसे धावले, तसे ते सेवेत रुजू झाल्यापासून धावले नव्हते. गेटवर बहिरू एकटाच उभा होता, हातात पुस्तकांचा गठ्ठा.

"गेलं सायेब. पंधरा-वीस मिंटं थांबलं. म्हणलं मीटिंग हाय, जावं लागतंय. ही पुस्तकं गेटावरनं दिली. लई चांगला माणूस राव. मला म्हणलं, वर्गात काय गाणं चाललंय का?"

आता दोष कुणाचा? कुलपाचा म्हणावा तर कुलूप सरांचं. किल्लीचा म्हणावा तर खिसा सरांचा. उरली मनाल.

"सरळ सांगता येत नव्हतं? वेळेवर सांगितलं असतं तर शाळेची ही बेअब्रू झाली असती का? माफीनामा लिहायचा. इंग्रजीत. आणि गुरुवारी प्रार्थनेला सगळ्यांसमोर वाचायचा. नाहीतर भाषणाच्या यादीतून नाव बाद!"

शनिवारी जुन्नरला तालुक्याची इंग्रजी भाषणस्पर्धा होती. गुरुवारी प्रार्थना झाली की यादी रवाना होणार होती. मनाल महिनाभर एकच भाषण घोकत होती: आमच्या गच्चीवरून दिसणाऱ्या दुर्बिणीच्या तबकड्या. तिची आजी चांदबी, जिला इंग्रजीचं एक अक्षर येत नाही, तिलाही ते निम्मं पाठ झालं होतं.

मंगळवारी मधल्या सुट्टीत मनाल मसुदा घेऊन आली. कालच्या घोकंपट्टीनं पोरीचं येत होतं तेही गेलं होतं. लिहिलं होतं, 'आय ॲम सॉरी फॉर टु डिस्टर्ब यू अँड फॉर इन्फॉर्म यू लेट.'

बाईंनी लाल पेन घेतलं. हाताला सवय. "हे टु काढ. फॉर आलं की पुढं डिस्टर्बिंग. इथंही इन्फॉर्म नाही, इन्फॉर्मिंग. दोन्हीकडं फॉर आहे ना?" दोन ठिकाणी त्यांनी सुबक अक्षरात आयएनजी जोडलं. वाक्य कसं नितळ झालं.

मनालनं ते वाचलं. "बाई, आता बरोबर आहे?"

"आता बरोबर आहे."

"पण बाई, मी उशिरा सांगितलंच नव्हतं ना?"

बाईंचं पेन हातातच राहिलं. अख्ख्या वाक्यात खोटी गोष्ट एकच होती, आणि त्यांनी तिलाच तर आयएनजी लावून दिलं होतं.

"मी बोलते सरांशी," त्या इतक्या हळू म्हणाल्या की मनालला पुढं वाकावं लागलं. "यादी जायच्या आत बोलते. वचन देते तुला."

"नक्की ना बाई? मला खोटं नाही वाचायचं. नाव गेलं तरी चालेल." चालेल म्हणताना तिचा आवाज काही चालला नाही.

सोमवारी ही चूक आपली वाटलीच नव्हती; आज वाटली, तरी संध्याकाळी बाईंनी दिवा लावला. मनाशी म्हणाल्या, उद्या बोलणारच आहे, म्हणजे सांगितल्यासारखंच आहे. देवाशी असा हिशेब त्यांनी पहिल्यांदाच केला. वात दोनदा विझली, वारा होता.

बुधवारी शाळेत वेगळंच वारं. 'सॉरी फॉर' सगळ्यांच्या जिभेवर बसलं होतं. पोरं एकमेकांना ढकलून 'सॉरी फॉर ढकलिंग' म्हणत होती. बहिरू चहाचा ट्रे घेऊन शिक्षकांच्या खोलीत आला तो म्हणतच, "सारी फार डिस्टरबिंग! च्या." आणि ट्रेवर एक पत्र. दुर्बिणीवरच्या साहेबांचं.

भोर सरांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. "आय ॲम सॉरी टु..." आणि थांबले. पुन्हा वाचलं. अक्षर बदललं नाही. "...टु हॅव लेफ्ट विदाउट मीटिंग यू."

बहिरूनं कप मांडता मांडता विचारलं, "सर, ह्यात बी टुच हाय का? मंग सायबाला बी माफी लिवाया लावायची का?"

"तू कप ठेव आणि जा." सरांनी घसा साफ केला. "मोठ्या लोकांचं चालतं. त्यांची घाई असते." पुढचं वाक्य होतं, 'आय लुक फॉरवर्ड टु व्हिजिटिंग युअर स्कूल.' तिथं सरांना धीर आला. "हे बघा! टुच्या पुढं आयएनजी! टाइप करणाऱ्यानं चूक केली. टु व्हिजिट पाहिजे." आणि त्यांनी साहेबांच्या पत्रावर हिरव्या पेनानं ते आयएनजी खोडलं.

वैजयंतीबाईंना हसू आलं आणि त्याच्या मागोमाग लाजही आली. तो टु क्रियापदाचा नव्हेच, तो स्वतःच प्रीपोझिशन. त्याच्या पुढं आयएनजीच येतं. म्हणजे सरांनी आपल्याच नियमावर काट मारली होती. हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. त्यांनी तोंड उघडलं.

"काय बाई?" सर म्हणाले.

"काही नाही सर. साखर हवी का?"

"एक चमचा. आणि त्या पोरीचा माफीनामा बघितला मी. छान झालाय. तुमचा हात दिसतो. हा ठेवा तुमच्यापाशी. उद्या वाचू द्या, मग फलकावर लावू, नमुना म्हणून."

घरी आल्यावर बाई हातपाय धुऊन देवापाशी गेल्या. वात वळली, तेल घातलं, काडीपेटी घेतली. काडी ओढली आणि बोटाला चटका बसेपर्यंत तशीच धरून राहिल्या. दुसरी ओढली. तीही नुसतीच जळली. तिसरी काढलीच नाही.

उठून त्यांनी पिशवीतून टाचणवही काढली. रोज काय शिकवणार ते शिक्षकानं आधी लिहायचं आणि मुख्याध्यापकानं शनिवारी तपासून सही करायची, ती वही. मागच्या महिन्याचं पान उघडलं. त्यांच्याच अक्षरात होतं: दारात, त्रास देताना, सॉरी टु. त्रास दिल्यावर सॉरी फॉर, पुढं आयएनजी. दोन्ही बरोबर. आणि खाली हिरव्या शाईत ठसठशीत: 'तपासले. योग्य. गो. भोर.'

बाई त्या सहीकडे बघत राहिल्या. सरांनी न वाचता सही केली होती, हे खरंच. पण आपण तर वाचून, समजून, लाल पेनानं नीटनेटकं करून त्या पोरीच्या तोंडात खोटं घातलं. मग जास्त कोणाचं चुकलं?

वहीत त्यांनी मनालचा माफीनामा घडी करून ठेवला आणि पायात चपला सरकवल्या. भोर सरांचं घर दूध डेअरीच्या मागं, चालत दहा मिनिटं. तिथून रिजवानभाईंच्या घराकडं आणखी पाच. मनालला सांगायचं होतंच: पाहुणे आले हे तू वेळेवर सांगितलंस, उशीर मी केला, गप्प बसून.

ओट्यावर त्यांचे यजमान जनावरांना पेंड भिजवत होते. आतला अंधार बघून म्हणाले, "काय गं, आज दिवा न्हाई लावला?"

"आल्यावर लावते."

"अन् सरांकडं ह्या वक्ताला? काय म्हणशील दारात?"

"माहीत आहे मला दारात काय म्हणायचं," बाई म्हणाल्या, नेहमीपेक्षा जरा मोठ्यानं. वही छातीशी धरली, फाटक हळूच ओढून घेतलं आणि डेअरीच्या रस्त्याला लागल्या.