काकूंनी पकडलेला चोर

चावीकाकांचं दुकान म्हणजे दोन भिंतींच्या मधली फट. एक माणूस आत बसला की दुसऱ्याने बाहेरच उभं राहायचं. पण देवाने त्यांच्या बोटांना अशी काही जाण दिली होती, की अख्ख्या बाजारात न उघडणारं कुलूप शेवटी त्यांच्याच पुढ्यात यायचं. गिऱ्हाईक घाईला आलं की काकांचं ठरलेलं वाक्य असे, ‘‘जोर लावू नका हो. किल्ली बाहेर काढा, फुंकर मारा, हलक्या हाताने परत घाला. लागते!’’

याच वाक्याने त्या दिवशी काकांचा घात केला.

झालं असं, की काकूंची बाजाची पेटी चार वर्षांपूर्वी फुटक्या भात्यामुळे बंद पडली होती. सकाळी देवापुढे बसून गायचं त्यांनी काही सोडलं नव्हतं. पण गाताना उजवा हात मांडीवर आपोआप चालायचा, जणू पट्ट्या तिथेच आहेत. काका दाढी करताना आरशातून ते बघायचे. शेवटी दुसऱ्या गावचा एक कारागीर सापडला. त्याच्याकडे जुनी, पण नीट दुरुस्त केलेली एक पेटी होती. ‘‘उद्या संध्याकाळपर्यंत पैसे खात्यात आले तर तुमची,’’ तो म्हणाला, ‘‘नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे.’’

काकूंना कळू द्यायचं नव्हतं. म्हणून काका शेजारच्या झेरॉक्सवाल्या ताईच्या संगणकावर बसले आणि नेट बँकिंगचा पासवर्ड टाकला. चुकला. काकांनी मान हलवली, बटणांवर फुंकर मारली आणि तोच पासवर्ड सावकाश टाकला. चुकला. मग आणखी हलक्या हाताने.

‘‘काका, थांबा!’’ ताई झेरॉक्स टाकून धावली. ‘‘तोच तोच काय टाकताय? हे कुलूप प्रत्येक खेप मोजतं!’’

तोवर पडद्यावर लाल अक्षरं आली होती. खूप वेळा चुकीचा पासवर्ड दिल्याने प्रवेश बंद.

‘‘घाबरू नका,’’ ताई म्हणाली. ‘‘मोबाईलवर ओटीपी येईल, तो टाकला की नवा पासवर्ड करता येतो.’’

‘‘मोबाईल हिचा आहे गं. खातं काढलं तेव्हा घरात एकच फोन होता.’’

‘‘मग काही तरी सांगून मागा तो आकडा.’’

‘‘आणि ती विचारणार नाही, कशाला म्हणून? तू ओळखत नाहीस तिला.’’

काका सुपारी चघळत बराच वेळ विचार करत बसले. मग ताईने एकदा ते पान उघडून पाहिलं, तर अक्षरं बदललेली. ‘आपली नेट बँकिंग सुविधा बंद करण्यात आली आहे. ग्राहक सेवेशी संपर्क साधावा.’ ताईच्या कपाळावर आठी आली. ‘‘हे काही तरी निराळंच आहे. आता पत्रच लिहू.’’

काकांनी पत्र सांगायला घेतलं ते थेट लग्नापासून. मग पेटी, भाता, देवाची कृपा, आणि ओघात, ‘‘माझा पासवर्ड असा आहे, तो आपण तपासून...’’

‘‘अहो काका! तुम्ही गिऱ्हाईकाच्या घराची किल्ली पोस्टकार्डाला बांधून पाठवाल का?’’

काकांनी जीभ चावली. शेवटी ताईने काकांच्या बँकेत नोंदवलेल्या ई-मेलवरून चार ओळींचं पत्र पाठवलं:

‘महोदय, माझ्या बचत खात्याची (शेवटचे चार आकडे खाली दिले आहेत) नेट बँकिंग सुविधा आज दुपारी बंद झाली. मी स्वतःच चुकीचा पासवर्ड अनेकदा टाकला होता. त्यानंतर पडद्यावर आलेला संदेश सोबत जोडला आहे. सुविधा पुन्हा सुरू करण्यासाठी मी काय काय करावे, कोणती कागदपत्रे लागतील आणि शाखेत यावे लागेल का, हे कृपया कळवावे. उद्या एक महत्त्वाचा व्यवहार आहे.’

‘‘‘महत्त्वाचा’च्या आधी ‘अत्यंत’ घाल,’’ काका म्हणाले. ताईने घातलं.

सकाळी उत्तर आलं. ताई वाचू लागली आणि वाचता वाचता तिचं हसू फुटलं.

‘आपल्या नोंदणीकृत मोबाईलवरून काल ‘ब्लॉक’ असा एसेमेस आल्याने सुविधा बंद केली आहे. ती सुरू करण्यासाठी खातेदाराने ओळखपत्र आणि तोच मोबाईल घेऊन शाखेत यावे व अर्ज द्यावा. नंतर ओटीपी टाकून नवा पासवर्ड ठरवावा. पासवर्ड, पिन, ओटीपी कोणालाही, बँकेच्या कर्मचाऱ्यालाही, सांगू नये.’

काका तसेच घरी आले. काकू भाजी निवडत होत्या, तोऱ्यात.

‘‘तुम्हाला सांगायचंच राहिलं. काल चोर पकडला मी!’’

‘‘चोर?’’

‘‘तुमच्या खात्यात कुणी मेला घुसत होता. फोनवर आलं, प्रयत्न तुमचा नसेल तर ‘ब्लॉक’ लिहून पाठवा. पाठवलं. तुम्ही काय, जगाची कुलुपं सांभाळता. घरचं मलाच बघायला हवं.’’

‘‘मला विचारायचं तरी!’’

‘‘विचारेपर्यंत चोर थांबला असता? का हो, तोंड का असं झालं?’’

‘‘काही नाही. बँकेत जायचंय. तू आणि तुझा फोन, दोघं लागता.’’

शाखेत एक चष्मेवाली अधिकारी बाई होती. तिने ओळखपत्र पाहिलं, अर्ज भरून घेतला, सही ताडून पाहिली. ‘‘सुविधा सुरू व्हायला थोडा वेळ लागेल. उद्यापर्यंतही जाईल कदाचित.’’

काका मटकन खुर्चीत बसले. ‘‘उद्या? मग गेलं सगळं.’’

‘‘काय गेलं?’’ काकूंनी विचारलं.

‘‘काही नाही.’’

‘‘पैसे आजच पाठवायचे आहेत का?’’ बाईने विचारलं. ‘‘अहो, मग अडलंय कुठे? नेट बँकिंग बंद आहे, खातं नाही. ही पावती भरा, इथूनच पाठवते.’’

काकांचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. कारण पावतीवर घेणाऱ्याचं नाव लिहायचं होतं, आणि काकू खांद्यावरून बघत होत्या. त्यांनी हाताआड लिहिलं. काकूंनी हात बाजूला केला.

‘‘वाद्य दुरुस्ती केंद्र,’’ त्यांनी वाचलं. मग थोडं थांबून, ‘‘पेटी?’’

काकांनी मान डोलावली.

काकूंचा उजवा हात टेबलाच्या काठावर आला आणि बोटं हळूच हलली.

‘‘वाजवून ऐकली का?’’

‘‘फोनवर.’’

‘‘कुणाच्या?’’

‘‘झेरॉक्सवालीच्या.’’

‘‘म्हणजे सगळ्या गल्लीला ठाऊक, मलाच नाही! आणि चोर...’’ काकूंनी काकांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. ‘‘अगंबाई! चोर तुम्हीच की!’’

अधिकारी बाईने संगणकाच्या आड तोंड लपवलं. पावतीवर शिक्का पडला.

दोघं पायऱ्या उतरत होती तेवढ्यात काकूंचा फोन वाजला. त्यांनी मोठ्याने वाचलं, ‘‘खात्यातून रक्कम गेली आहे. व्यवहार तुमचा नसेल तर ‘ब्लॉक’ लिहून पाठवा.’’

काकांनी पायरीवरच श्वास रोखला.

काकूंनी फोन पिशवीत टाकला आणि त्यांचा हात धरला. ‘‘चला. हा चोर माझ्या ओळखीचा आहे.’’