डोंबिवलीला न लागणारा फोन

माझा भाऊ दामाजी म्हणजे अकलेचा कांदा, आणि त्यात त्याच्या घरी फोन आला. कोलशेतच्या आमच्या आळीतला पहिला. शेजारीपाजारी येऊन रत्नागिरी-दिल्लीला गप्पा मारतील, म्हणून पठ्ठ्याने अर्ज देऊन बाहेरगावी फोन लावायची सोय, एसटीडी, बंद करून घेतली. मग महिनाभर स्वतःच स्वतःची पाठ थोपटली.

त्याच्या मुलीला, मालनला, डोंबिवलीचा परशुराम बघून गेला होता. पोरीला तो मनापासून आवडला होता. होकार मुलीकडून जायचा, तोही रविवारच्या आत, नाहीतर ते दुसरी मुलगी बघणार. मी म्हटलं, "दामाजी, जाऊन सांगून ये."

"घरात फोन असताना मी डोंबिवलीला धक्के खात जाऊ?"

त्याने त्यांचा सहा आकडी नंबर दाबला. फोन गप्प. आपले आकडे सात आणि त्यांचे सहाच, यातही त्याला काळंबेरं दिसलं. मालन म्हणाली, "बाबा, आधी शून्य दोन पाच एक लावावं लागतं."

"डोंबिवली काय परदेशात हाय? आपल्याच जिल्ह्यात ना?" तरी लावून बघितलं. लगेच टूं टूं टूं. सकाळी तेच, दुपारी तेच.

"बघितलंस? रिसीव्हर काढून ठेवतात. नायतर आपला नंबरच बंद करून घेतलाय."

मग तपासणी. कुलाब्याचा मेव्हणा लागला. भांडुपची चुलतबहीण शालन लागली. तक्रारीच्या नंबरावरच्या बाईने सांगितलं, लाइन ठीक आहे. झालं! लाइन ठीक, म्हणजे माणसं खोटी. आम्हाला होकार कळवायला फोन लागेना, आणि हा इकडे त्यांचा नकार ठरवून मोकळा. मला इतका संताप आला की तो फोन उचलून खाडीत टाकावासा वाटला.

मालनचे डोळे भरले होते, पण डोकं जागेवर होतं. तिने रिसीव्हर कानाला लावून नुसता शून्य दाबला.

"आत्या, ऐक. शून्यालाच टूं टूं येतंय. त्यांचा नंबर अजून लावलाच नाय, मग त्यांनी बंद कसा केला?"

दामाजी म्हणाला, "मी फक्त एसटीडी बंद केलीय. कुलाबा लागतो, मग डोंबिवली का नाय?"

"कुलाबा आणि ठाणे मुंबईच्याच कोडात आहेत, बाबा. डोंबिवलीचा कोड वेगळा. ती एसटीडीच."

तो हसला. "कुलाबा जवळ आणि डोंबिवली लांब? अक्कल शिकवतेस मला?"

मालनने चपला घातल्या आणि ती नाक्यावरच्या एसटीडी बूथकडे गेली. मीही मागोमाग. तेच आकडे, तोच नंबर. पलीकडे पहिल्याच घंटीला फोन उचलला. ती लाल झाली, दोन वाक्यं बोलली आणि तिने रिसीव्हर ठेवला.

घरी दामाजी दारातच उभा. "काय, लागला?"

"लागला. परशुराम फोनपाशीच बसून होते. मी हो म्हणून सांगितलं."

दामाजीने कपाळावर हात मारला: "घरात फोन असताना बूथवरून? लोक काय म्हणतील?"