पंधरा मिनिटांचे पत्ते

त्रेसष्ट तक्रारींत मशीन म्हणालं होतं "नाही", आणि मावशी म्हणाल्या होत्या "होय". त्यांच्या नोकरीवर गदा आली ती एवढ्यावरून.

आमचा कारखाना चिनीमातीची भांडी घरोघरी पाठवतो. भांडं फुटून पोचलं की गिऱ्हाईक फोटो पाठवतं. भांडं खरंच फुटलंय का, हे पूर्वी ऑफिसात तक्रारी बघणाऱ्या मावशी एकट्या ठरवायच्या. तीन आठवड्यांपूर्वी ते काम मी लिहिलेल्या प्रोग्रॅमकडे गेलं. तो फोटो एका बाहेरच्या कंपनीच्या, चित्र ओळखणाऱ्या एआय मॉडेलला दाखवतो, आणि मॉडेल होय किंवा नाही सांगतं. मावशींनी फक्त शेवटचा शिक्का मारायचा. त्या मात्र बिनदिक्कत मशीनच्या विरुद्ध मारत होत्या.

"ओळखीपाळखीच्या लोकांना नवी भांडी वाटतायत," साहेब मला म्हणाले. "चार वाजता त्यांना पत्र देतोय. त्याआधी तुमचं मशीन ठीक आहे एवढं मला दाखवा."

माझं मशीन ठीकच होतं. निदान सकाळी अकराला मला तसं वाटत होतं, आणि स्वतःच्या कामाबद्दल मला नेहमीच जरा जास्त वाटतं. मी कान तुटलेला माझाच कप काढला, फोटो पाठवला. उत्तर आलं, होय. पुन्हा पाठवला, पुन्हा होय. मग त्या त्रेसष्ट तक्रारी एकेक करून आमच्या तक्रारींच्या वेबपानावर उघडल्या. प्रत्येक फोटो झटकन उघडला. मॉडेलला फोटो मिळतोय, मॉडेलला फुटलेलं कळतंय, मग चूक कोणाची? मावशींचीच म्हणायची. पण त्यांनी गेल्या अकरा वर्षांत ऑफिसची टाचणीसुद्धा घरी नेली नव्हती. माझं डोकं चालेना.

शेवटी त्यांच्याच टेबलाशी गेले.

"मावशी, तुम्ही कशावरून पास करता?"

"फोटोवरून. आणखी कशावरून करणार?"

"मग मशीनला का नाही दिसत?"

"ते मला काय विचारतेस? तुझं मशीन आहे. सकाळी शहाण्यासारखं वागतं, दुपारी गर्दी झाली की वेड्यासारखं करतं. मी सांगितलं होतं साहेबांना. हसले."

मीही मनात हसलेच. मशीनला दुपारची सुस्ती येत नाही, एवढं मला कळत होतं. त्यांतल्या एका फोटोचा पत्ता, म्हणजे लिंक, मी साहेबांना पाठवला, खाली लिहिलं, "फोटो व्यवस्थित उघडतात, आपल्या बाजूने अडचण नाही," आणि जेवायला गेले. जेवण काही गोड लागलं नाही.

दोन वाजता साहेबांनी बोलावलं. "हे काय पाठवलंय? इथे तर काहीच नाही."

पडद्यावर एकच ओळ होती: मुदत संपली.

मी तोच फोटो आमच्या पानावर उघडला. उघडला. साहेबांकडचा पत्ता पुन्हा दाबला. मुदत संपली. दोनदा इकडे, दोनदा तिकडे. साहेब माझ्याकडे असे बघत होते, जणू मी जेवणात काहीतरी भलतंच घेऊन आले होते. मग मात्र मी माझा प्रोग्रॅम उघडून पत्ता कधी बनतो ते पाहिलं.

आमचे फोटो कुलूपबंद साठ्यात असतात. मी मॉडेलला फोटो पाठवत नव्हते, फक्त पत्ता पाठवत होते. फोटो मॉडेलच्या कंपनीचं यंत्र स्वतः येऊन उचलणार. त्याला आत येता यावं म्हणून पत्त्यातच पंधरा मिनिटांचा परवाना असतो. तो पत्ता मी तक्रार आल्याआल्या बनवत होते आणि रांगेत ठेवत होते. सकाळी रांग दोन मिनिटांची. दुपारी पाऊण तासाची. मॉडेलपर्यंत पोचेतो परवाना मेलेला. आणि आमचं पान? ते दर वेळी नवा पत्ता बनवून फोटो दाखवतं. म्हणून मला सगळे उघडत होते.

मॉडेलच्या कंपनीने तर दर वेळी कळवलं होतं, फोटो आणता आला नाही. ते ऐकणारं कोणी नव्हतं. घाईत मीच प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवलं होतं की अडचण आली तर फोटो वगळून तक्रारीच्या नुसत्या मजकुरावर मॉडेलला पुन्हा विचारायचं. उत्तराला जागा दोनच, होय किंवा नाही. फोटोच नाही, तर ते बिचारं दुसरं काय म्हणणार?

मी साहेबांना सगळं सांगितलं. पत्ता रांगेत ठेवायचा नाही, पाठवायच्या क्षणी बनवायचा, आणि फोटो मिळाला नाही तर तक्रार सरळ माणसाकडे जाईल, हेही. त्यांनी टेबलावरचं पत्र उचलून खणात टाकलं. फाडलं नाही, पण टाकलं.

मावशींना सांगायला मीच गेले. पत्ता, परवाना, रांग, सगळं.

"म्हणजे तू आज ते त्रेसष्ट फोटो उघडलेस?"

"सगळे."

"त्यातल्या एखाद्या बशीला तडा दिसला?"

मी आठवून पाहिलं. फोटो उघडतोय ना, एवढंच मी बघत होते. उघडला की पुढचा. एकही बशी मला आठवेना.

"बघितलंच नाही, मावशी," मी म्हणाले, आणि मला अतोनात लाज वाटली.

त्यांनी एक खुर्ची आपल्या शेजारी ओढली आणि पहिली तक्रार उघडली.