पाच आकडी तिकिटं

आमच्या घरात खर्चाचा आकडा पाच आकडी झाला की आठ दिवस विचार करायचा, असा नियम आहे. नियम ह्यांनी केला. हे एका मोठ्या कंपनीत ऑडिटर आहेत आणि घरातही तेच असतात, फक्त पगार मिळत नाही. नियमाचं मूळ म्हणजे भाऊजींच्या सांगण्यावरून घेतलेली मसाज करणारी खुर्ची. ती आठवडाभर घुरघुरली आणि मग गप्प झाली. आता तिच्यावर धुतलेले कपडे घडीची वाट बघत बसतात.

नियम वाईट नाही. पण ज्या गायिकेच्या कार्यक्रमाची तिकिटं दहा वाजता सुटतात आणि साडेदहाला संपलेली असतात, तिच्यापुढे आठ दिवसांचा विचार घेऊन काय करायचं?

ही गायिका बारा वर्षांनी आमच्या शहरात येणार होती. लेकीला जायचं होतं कारण तिच्या सगळ्या मैत्रिणी जाणार होत्या. भाऊजींना फोटो काढायचे होते. ह्यांचे साहेब जाणार होते, म्हणून ह्यांनाही जायचं होतं. सासूबाई म्हणाल्या, "सगळे निघालात तर मी एकटी घरात काय भिंतीशी बोलू?" आणि मला जायचं होतं कारण मला ती आवडते. कॉलेजात असल्यापासून आवडते. तिची गाणी मला तोंडपाठ आहेत, मधल्या वाद्यांसकट. हे मी घरात सांगितलंही होतं, एकदा भांडी लावताना आणि एकदा कुकरची शिट्टी होत असताना.

शनिवारी सकाळी आम्ही पाचही जण जेवणाच्या टेबलाशी गोळा झालो. मधे लॅपटॉप, त्याच्यापुढे हे. शेजारी कॅल्क्युलेटर, कारण लॅपटॉपने केलेल्या बेरजेवर ह्यांचा विश्वास नाही.

"एकोणीसशेचं एक. पाच गुणिले एकोणीसशे," हे म्हणाले, "साडेनऊ हजार. चार आकडी!"

भाऊजींनी टाळी वाजवली. लेकीने एका ओळीतल्या पाच खुर्च्या निवडल्या. कोपऱ्यात घड्याळ सुरू झालं. दहा मिनिटांत पैसे भरले नाहीत तर खुर्च्या सुटणार होत्या. ह्यांनी पुढचं बटण दाबलं आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

पडद्यावर एकूण रक्कम होती दहा हजार तीनशे शहाण्णव पूर्णांक ऐंशी.

"ही कन्व्हिनियन्स फी काय आहे?" ह्यांनी घर डोक्यावर घेतलं. "आठ टक्के! सातशे साठ! खुर्ची माझी, वीज माझी, बोट माझं. सोय कोणाची झाली?"

"आणि तिच्याखाली तो एकशे छत्तीस ऐंशीचा कोण बसलाय?" सासूबाईंनी चष्मा नाकावर चढवला.

"त्या फीवरचा अठरा टक्के कर," मी म्हणाले. "तिकिटाचा कर तिकिटातच धरलाय. हा फक्त फीचा."

"म्हणजे आधी सोय करून घ्यायची आणि मग त्या सोयीवर कर भरायचा?"

"दादा, घड्याळ चालू आहे," भाऊजी म्हणाले.

"चालू दे! पाच आकडी झालंय. आठ दिवस विचार."

लेकीचा चेहरा असा पडला की मला वाटलं आता उचलून द्यावा लागेल. मग तीच ओरडली, "थांबा, कोड आहे! मैत्रिणीने पाठवलाय. दहा टक्के सूट!"

ह्यांच्या डोळ्यांत चमक आली. सूट म्हटलं की हे माणसात येतात. बोटं कॅल्क्युलेटरवर नाचली. "साडेनऊ हजाराचे दहा टक्के साडेनऊशे. म्हणजे नऊ हजार चारशे शेहेचाळीस ऐंशी. बसलं की!" त्यांनी कोडचं एकेक अक्षर मोठ्याने म्हणत टाकलं आणि बटण दाबलं.

हिरव्या अक्षरांत अभिनंदन आलं. खाली रक्कम आली, दहा हजार शहाण्णव पूर्णांक ऐंशी.

"फक्त तीनशे कापले! लबाड आहेत लेकाचे. तक्रार करतो मी!"

एवढ्या वेळात मी फोनवर त्या कोडच्या अटी वाचत होते. मी शाळेत शिकवते, बारीक अक्षर वाचण्यात माझे डोळे गेलेत. दहा टक्के खरे, पण एका बुकिंगला जास्तीत जास्त तीनशे. सूट तिकिटावर, फी मात्र मूळ किमतीवर. मी हे सांगायला तोंड उघडलं, पण तोवर ह्यांनी दुसराच उपाय काढला होता.

"सोपं आहे. एक तिकीट कमी करू. चार तिकिटं, फी आणि कर धरून, तीनशे वजा जाता, आठ हजार सतरा चव्वेचाळीस. आरामात बसतंय."

"मग कोण राहणार?" लेकीने विचारलं.

"मी राहते," सासूबाई म्हणाल्या. सगळे एका सुरात "छे, छे" म्हणाले. भाऊजींनी आपण होऊन छताकडे पाहायला सुरुवात केली. लेक टेबलाला घट्ट धरून बसली. ह्यांना तर साहेबांना भेटायचंच होतं. मग चौघांचे डोळे फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबले.

"नाहीतरी तुला गर्दी आवडत नाही," हे म्हणाले. फार मायेने म्हणाले. तेच जास्त लागलं.

मला गर्दी आवडत नाही हे मी ह्यांना भाजीच्या बाजाराबद्दल सांगितलं होतं. मला रडू यायला लागलं, आणि रडू आलं की मला आधी राग येतो.

"अहो, मी जाणार आहे," मी म्हणाले. "तुमच्यातलं कोणी आलं नाही तरी जाणार आहे. आणि ओरडायचं थांबवून अटी वाचल्या असत्या तर कोणालाच राहावं लागलं नसतं. एका बुकिंगला तीनशे, पण एका खात्याला एकदा. खाती किती आहेत घरात? तुमचं एक, माझं एक. तुम्ही तीन काढा, मी दोन काढते. दोन बुकिंगं, दोनदा तीनशे."

 मग ह्यांचा चेहरा लाल झाला.

"म्हणजे बिल फोडायचं?" ह्यांच्या ऑफिसात दहा हजारांच्या वर साहेबांची सही लागते, म्हणून लोक एका खरेदीची दोन बिलं करतात. त्यांना पकडणं हेच ह्यांच्या आयुष्याचं काम. "मी! ज्याने गेल्या महिन्यात सात जणांना पकडलं! माझ्याच घरात, माझ्याच टेबलावर बिल फोडायचं?"

"दादा, चार मिनिटं!"

"मी माझी दोन घेते," मी म्हणाले. "आधी त्या पाच सोडा, नाहीतर मला खुर्च्या दिसणारच नाहीत."

ह्यांनी मागे जाऊन पाच खुर्च्या सोडल्या. मी त्यातल्याच कडेच्या दोन उचलल्या. तीन हजार आठशे, वर फी तीनशे चार, कर चौपन्न बहात्तर, त्यातून तीनशे वजा. तीन हजार आठशे अठ्ठावन्न बहात्तर. पैसे भरले. तिकिटं आली. 

ह्यांनी उरलेल्या तीन धरल्या. त्यांचं घड्याळ नव्याने दहा मिनिटांपासून सुरू झालं, आणि इथेच सगळं बिघडलं. वेळ आहे म्हटल्यावर हे विचार करायला लागले.

"माझी तीन तिकिटं. पाच हजार नऊशे अडतीस शून्य आठ. तुझे तीन हजार आठशे अठ्ठावन्न बहात्तर." कॅल्क्युलेटर चालला. मग त्यांनी कागद घेतला. कागदावरही केलं. मग खालून वर बेरीज केली.

"पैसे भर ना बाबा," सासूबाई म्हणाल्या.

"आई, बिल फोडणं म्हणजे काय? एकूण रक्कम मर्यादेच्या वर असताना तुकडे करून ती लपवणं. इथे मर्यादा दहा हजार. इथे एकूण किती?" ते उभे राहिले. वर्गापुढे उभं राहावं तसे. "नऊ हजार सातशे शहाण्णव ऐंशी! दोन्ही मिळून दहा हजारांच्या आत! म्हणजे हे फोडणं नाहीच. ही निखळ काटकसर आहे! आता समजा, एखाद्याने..."

"बाबा, लाल झालंय! घड्याळ लाल झालंय!"

ते बसले. बटण दाबलं. पडद्याने थोडा वेळ गोल गोल फिरून घेतलं आणि मग सांगितलं की वेळ संपली आहे. भाऊजींनी पुन्हा खुर्च्या शोधल्या. सगळा नकाशा करडा पडला होता. कार्यक्रम भरला होता.

 हे कागदावरच्या बेरजेकडे बघत होते. बेरीज बरोबर होती.

मग एकेकाला आठवलं की घरात दोन तिकिटं आहेत, आणि ती माझ्या फोनमध्ये आहेत.

"वहिनी," भाऊजी म्हणाले, "तुम्ही चहा घेतला का?" ज्या माणसाने आमच्याकडे येऊन आजवर स्वतःचा कप उचलला नाही, तो आलं शोधायला लागला. लेक गळ्यात पडली. "आई, मी तुझी एकुलती एक मुलगी आहे." ह्यांनी मसाजच्या खुर्चीवरचे कपडे उचलून चक्क घड्या घालायला घेतले. माझ्या कुडत्याची त्यांनी अशी घडी केली की तो समोशासारखा झाला. "साहेबांचं सोड," ते म्हणाले, "मला तुझ्याबरोबर जायला आवडेल." हे खरं होतं असं मला वाटतं. निदान अर्धं तरी.

सासूबाई तेवढ्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलंही नाही.

"तुम्ही चला माझ्याबरोबर," मी त्यांना म्हणाले.

"मी? मला तिचं एक गाणं माहीत नाही."

"तुम्ही 'मी राहते' म्हणालात. बाकी कोणी म्हणालं नाही."

कार्यक्रमाला हे आम्हाला गाडीने सोडून गेले. दारात उभे राहून त्यांनी मला दोनदा विचारलं की पाणी घेतलंस का, फोन चार्ज आहे का. मग म्हणाले, "मला खरंच माहीत नव्हतं गं, तुला एवढं जायचं होतं." मी म्हणाले, "सांगितलं होतं." ते मान हलवून गाडीत बसले.

सासूबाईंनी कानात घालायला कापूस आणला होता. दिवे मालवले, ती आली, आणि पहिल्याच ओळीला माझा आवाज सुटला. मला भानच राहिलं नाही. शेजारचे बघत होते, बघू देत. दुसऱ्या गाण्याला सासूबाईंनी एका कानातला कापूस काढला. तिसऱ्याला दुसऱ्या कानातला. मी पुढे मंचाकडे बघत गात होते, त्या वळून माझ्याकडे बघत होत्या.

गाणं संपल्यावर टाळ्यांच्या गोंधळात त्या माझ्या कानाशी वाकल्या.

"अगं, तू गातेस!"

"हो."

"वीस वर्षं एका घरात राहतोय आपण," त्या म्हणाल्या.  "मला का नाही ऐकू आलं?"

 पुढचं गाणं सुरू झालं होतं. त्यांनी माझा हात धरला आणि शब्द माहीत नसताना माझ्याबरोबर गायला लागल्या.