निकम बाईंनी न वाचलेला कागद

आयकर खात्याचा ई-मेल आला तेव्हा निकम बाईंना आधी रागच आला. आयुष्यात कुणाचे पाच पैसे बुडवले नव्हते आणि आता हे विचारत होते की ठेवींवरचं तीन लाख साठ हजारांचं व्याज तुमच्या विवरणपत्रात का नाही. जसं काही त्यांनी ते पदराखाली लपवून ठेवलं होतं. बार्शीच्या कन्याशाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवलेल्या बाईला चोर म्हणायची हिंमत या संगणकाला झालीच कशी?

डिसेंबरचा दुसरा आठवडा होता. त्या तणतणतच कर सल्लागार पुजारींकडे गेल्या. पुजारींनी पडद्यावर आकडे दाखवले. बँकेनं कळवलेलं व्याज एका बाजूला, बाईंच्या विवरणपत्रातलं नुसतं पेन्शन दुसऱ्या बाजूला. बाई म्हणाल्या, बँकेत मी दर एप्रिलला फॉर्म देते, त्यामुळे माझं व्याज करमुक्त आहे.

पुजारींनी डोकं खाजवलं. पंधरा-एच नावाचा तो फॉर्म दिला की बँक कर कापत नाही एवढंच, असं त्यांनी सांगितलं. कर माफ होत नाही, आणि व्याजाचा आकडा तर बँक आयकर खात्याला कळवतेच.

"मग तो फॉर्म म्हणजे नक्की काय?" बाईंनी विचारलं.

"तुमचं सगळं उत्पन्न धरून या वर्षी तुम्हाला एक रुपयाही कर लागत नाही, असं तुम्ही लिहून देता. खाली सही असते."

प्रश्न नीट वाचल्याशिवाय उत्तर लिहू नका, हे बाईंनी मुलींना इतक्या वेळा बजावलं होतं की मुली त्यांची नक्कल करायच्या. आणि स्वतः दर एप्रिलला बँकेतल्या बाकावर बसून, चहाचा कप हातात धरून, त्यांनी न वाचता सही ठोकली होती. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की पदर सारखा करण्याच्या निमित्तानं त्यांनी मान खाली घातली.

पुजारी मनाचे चांगले. त्यांनी हळूच वाट दाखवली. खात्याला उत्तर द्यायचं की या ठेवी माझ्या नाहीत, त्यांवर दुसरं नाव असलेल्या वहिनीच्या आहेत, फक्त नाव माझं पहिलं. वहिनीला उत्पन्न नाही, कोण बघायला येतंय.

"वहिनीचा त्यात एक रुपया नाही, पुजारी."

"बाई, सगळे असंच करतात."

"सगळ्यांच्या वह्या मी तपासल्यात. सगळ्यांचं चुकलं म्हणून बरोबर दिलं नाही कधी."

मग बाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि सगळं समजून घेतलं. एकतीस डिसेंबरपर्यंत सुधारित विवरणपत्र भरता येतं. ज्येष्ठांना व्याजातून पन्नास हजारांची वजावट मिळते, ती धरून पंचावन्न हजारांच्या वर कर निघत होता. आधीच्या दोन वर्षांबद्दल त्यांनी स्वतःच विचारलं. पुजारी म्हणाले, ते कुणी विचारलेलं नाही. भरायचं तर एका वर्षाला करावर आणखी पंचवीस टक्के आणि त्याच्या आधीच्या वर्षाला पन्नास टक्के जादा जातील, शिवाय व्याज. बाईंनी तेही भरायला सांगितलं. एक ठेव मोडावी लागली. ती मोडताना त्यांना वाईट वाटलं, पण रात्री झोप शांत लागली.

एप्रिलमध्ये बँकेतून नेहमीसारखा फोन आला. बाकावर पेन्शनवाल्यांची रांग होती. तरुण अधिकारी मोहिते हसत आला आणि भरून ठेवलेला फॉर्म त्यानं बाईंच्या पुढ्यात सरकवला. खूण केलेल्या जागी सही करा, बाकीचं मी बघतो, म्हणाला.

बाईंनी चष्मा लावला आणि अख्खा फॉर्म वाचला. रांग खोळंबली. मोहित्यानं दोनदा घड्याळ पाहिलं.

"मी सही करणार नाही. हे माझ्या बाबतीत खरं नाही."

"अहो बाई, मग कर कापला जाईल."

"कापा."

शेजारी बसलेल्या सुलभा गोरेंनी घाबरून हातातलं पेन खाली ठेवलं. त्यांना नवऱ्यामागे मिळणारं तेरा हजारांचं पेन्शन होतं आणि दोन लहान ठेवी. मी पण करू नको का सही, त्यांनी विचारलं. बाईंनी त्यांचा फॉर्म घेतला, आकडे विचारून फॉर्मच्या मागेच पेन्सिलनं बेरीज केली आणि म्हणाल्या, "तुम्हाला कर लागतच नाही, सुलभाताई. तुमची सही खरी आहे. बिनधास्त करा."

तोवर मागच्या दोघांनी खिशातून चष्मे काढले होते. एक जण म्हणाला, बाई, माझाही बघा जरा. मोहिते केविलवाणा होऊन म्हणाला, "बाई, आज दीडशे फॉर्म घ्यायचेत मला."

"मग एक खुर्ची दे," बाई म्हणाल्या. "आणि दीडशेही इकडे आण."