पाच किलोमीटरच्या आत

फरहीनने वाटूरच्या चौकात दुकानासमोर गाडी लावली तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. एरवी ती येण्याआधी फोन करायची. आज तिनं मुद्दामच केला नव्हता.

"अगं बाई, आपा! कळवलं न्हाई," काउंटरमागून कल्याणी म्हणाली. तोंडभर हसली, पण तिचे डोळे आधी आतल्या खोलीकडे गेले. फरहीनने ते टिपलं आणि सरळ आत जाऊन फ्रीजरचं झाकण उचललं.

वरच्या दोन थरांत जालन्याहून आलेली, खारीसाठी लाटून गोठवलेली मैद्याची पानं होती, 'मैमूना बेकर्स'च्या हिरव्या पिशव्यांत. खाली साध्या पारदर्शक पिशव्या होत्या. फरहीनने एक फोडली, बोटावर लोणी घासलं, नाकाशी नेलं. लोणी नव्हतंच ते, वनस्पती तूप होतं आणि तेही खवट व्हायला लागलेलं.

"हे कुठलं?"

"मंठ्याहून आणते."

"माझ्या नावानं विकून राह्यली?"

कल्याणीनं आता हसणं सोडलं. "हो. आणि त्याच्यावर तुम्हाला रॉयल्टी बी देऊन राह्यले. एक बिल लपवलेलं न्हाई मी."

ते खरं होतं, आणि त्यानंच फरहीनला आणखी चीड आली. ती आली होती तीच मुळी बिलांमुळे. दुकानाच्या मशीनवर महिन्याला खारीची चार हजारांवर पाकिटं विकल्याची नोंद होती, आणि जालन्याहून वाटूरला गेलेल्या पानांत सव्वीसशेच्या वर पाकिटं होणं शक्य नव्हतं. त्यात गेल्या आठवड्यात परतूरच्या एका शाळेच्या मुख्याध्यापकांचा फोन आला. स्नेहसंमेलनाची खारी वाटूरहून नेली होती, पोरांनी तोंडात घेऊन थुंकली. त्यांनी कल्याणीला फोन केला नव्हता. पाकिटावरचं नाव वाचून जालन्याला केला होता.

मैमूना हे फरहीनच्या आईचं नाव. जालन्याच्या मस्तगडातल्या घरामागच्या भट्टीवर आईनं जी खारी केली, तिची मापं, तापमान, वेळ सगळं फरहीनने कागदावर उतरवलं होतं, कुणालाही तशीच करता यावी म्हणून. आता स्वतःची दोन दुकानं होती आणि नऊ फ्रँचायझी. नाव आणि पद्धत तिची. जागा, भांडवल आणि राबणं घेणाऱ्याचं. कल्याणीने सुरुवातीला तीन लाख दिले ते नाव वापरण्याचे आणि शिकवण्याचे, परत न मिळणारे. एक लाख अनामत. सजावट, ओव्हन, फ्रीजर यांवर सात लाख, त्यातले बरेचसे कर्जाचे. मग दर महिन्याला विक्रीवर सहा टक्के रॉयल्टी आणि दोन टक्के जाहिरातीला. पानं फक्त कंपनीचीच घ्यायची, हे करारात ठळक अक्षरांत होतं.

"करार वाचला होता ना?" फरहीन म्हणाली.

"वाचलाय. तुम्ही वाचला का? त्यात लिहिलंय, वाटूरपासून पाच किलोमीटरच्या आत दुसरं दुकान देणार न्हाई. मंग पेट्रोल पंपावर काय आहे? तीन किलोमीटरवर?"

"ते दुकान न्हाई. कियॉस्क आहे, नुसती टपरी. करारात दुकान म्हटलंय."

दोन गिऱ्हाईकं थबकून बघायला लागली. कल्याणीने त्यांना खारी बांधून दिली, पैसे घेतले, आणि गिऱ्हाईकं दारातून बाहेर पडेपर्यंत थांबली. मग गल्ल्याखालची वही काढून फरहीनसमोर आपटली.

"पंपावर तुमचा डबा लागायच्या आधी महिन्याची विक्री तीन लाख वीस हजार होती. आता दोन लाख तीस. माल, भाडं, दोन पोरींचा पगार, लाईट, बँकेचा हप्ता, गाडीखर्च सगळं जाऊन गेल्या महिन्यात मला किती उरले, सांगू? सहाशे रुपये. अन् तुम्ही त्याआधीच अठरा हजार चारशे नेले. विक्रीवर नेता ना तुम्ही, नफ्यावर न्हाई. मी मेले तरी तुमचे आठ टक्के जिते."

"मंठ्याचा माल घालून मला मारून राह्यली त्याचं काय? इथं एक खारी खवट निघाली की भोकरदनच्या दुकानातलं गिऱ्हाईक तुटतं. त्या दुकानदारानं काय बिघडवलं तुझं?"

"अन् तुमचं पान बाजारापेक्षा चाळीस टक्के महाग का? त्यात बी नफा, रॉयल्टीत बी नफा. एकाच म्हशीचं दोनदा दूध काढून राह्यल्या तुम्ही."

फरहीनने फोनवर फ्रीजरचे फोटो काढले. "पंधरा दिवसांची नोटीस येईल. सुधारणा झाली नाही तर करार संपला."

"पाठवा," कल्याणी म्हणाली. आणि पहिल्यांदाच तिनं 'आपा' ऐवजी 'मॅडम' म्हटलं. "माझी बी येईल मॅडम."

खरंच आली. फरहीनची नोटीस पोचली त्याच्या आठव्या दिवशी जालन्याच्या कचेरीत कल्याणीच्या वकिलाचं पाकीट आलं: क्षेत्राचा भंग, विक्रीचं नुकसान, चौदा लाखांची भरपाई. फरहीन ते घेऊन तडक गिरिधरकाकांकडे गेली. म्हातारे वकील, तिच्या आईपासूनचे ओळखीचे. करार त्यांनी केला नव्हता. तो फरहीनने पुण्यातल्या कुठल्याशा कंपनीचा नमुना घेऊन स्वतःच बदलला होता.

त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला, चष्मा काढला.

"तिनं बाहेरचा माल वापरला, हे तुझ्या बाजूनं पक्कं. नाव तुझं नोंदवलेलं आहे, करार संपला की तिला पाटी, पाकिटं, रंग सगळं उतरवावं लागेल. नाही उतरवलं तर कोर्ट मनाई देईल."

"आणि दोन वर्षं बेकरी चालवायची न्हाई, तेही लिहिलंय."

"ते फाडून टाक. करार चालू असेपर्यंत अशी अट चालते. संपल्यावर एखाद्याला धंदाच करू नको म्हणणं करार कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमात बसत नाही. तुझी कृती, तुझी गुपितं तिनं उघड करू नयेत, एवढं म्हणता येईल. पण खारी काही तुझ्या एकटीची नाही."

फरहीनने करार स्वतःकडे ओढून ती अट पुन्हा वाचली.

"आणि हा पंप. कियॉस्क म्हणजे दुकान नव्हे, असं तू खरंच मानतेस?"

"करारात शब्द 'दुकान' असाच आहे, काका."

"मी शब्द नाही विचारला. पंपवाल्यानं किती दिले?"

"दीड लाख. आणि रॉयल्टी."

"फ्रँचायझीचा वेगळा कायदा आपल्याकडे नाही, बेटी. तुझं तिचं नातं म्हणजे हा कागद. तो तू लिहिलास. कागद लिहिणाऱ्याच्या शब्दात खोट निघाली, तर करारात नेमलेला लवाद त्या शब्दाचा अर्थ समोरच्याच्या बाजूनं लावू शकतो. लढायचं तर लढ. तीन वर्षं जातील, आणि बाकीचे आठ जण बसून बघतील."

फरहीनला सगळ्यात लागलं ते हेच. बाकीचे आठ बघतच होते. बदनापूरचं दुकान चालवणाऱ्या प्रितमनं परवाच फोन करून विचारलं होतं, माझ्या गावाजवळ पंप किती आहेत हो मॅडम? आणि हसला होता. चांगलं हसणं नव्हतं ते.

तडजोडीची बैठक गिरिधरकाकांच्या कचेरीत झाली. कल्याणी नवऱ्याला घेऊन आली, पण बोलली तीच. चहा आला, दोघींनी हात लावला नाही.

"मला माझे तीन लाख परत पाहिजेत," कल्याणी म्हणाली.

"ते नाव वापरल्याचे होते. अडीच वर्षं वापरलंस."

"पाच वर्षांचे घेतले होते तुम्ही."

"आणि शाळेत जे नाव घालवलंस त्याची किंमत लाव की."

"लावते. आधी पंपाची लावा."

दुपारचा दीड वाजेपर्यंत हेच चाललं. एकदा कल्याणीचा नवरा मध्ये बोलायला गेला तर तिनं त्याच्याकडे न बघताच हात वर केला. एकदा फरहीन उठून दारापर्यंत गेली आणि परत येऊन बसली. शेवटी जे ठरलं त्यानं कुणाचंच समाधान झालं नाही. करार त्याच दिवशी संपला. अनामत पूर्ण परत, नोटिसांनंतर थकलेली दोन महिन्यांची रॉयल्टी माफ, दोन्ही नोटिसा मागे. तीन लाखांतला एक पैसाही नाही. सात दिवसांत पाटी उतरवायची. कल्याणीनं पुढं काय करायचं, यावर कागदात एक ओळही नव्हती; ती गिरिधरकाकांनी घालू दिली नाही.

सही करताना कल्याणी म्हणाली, "तुमच्या आईचं नाव मी चांगलं चालवलं असतं. तुम्ही पंपाचे दीड लाख बघितले."

"आणि तू मंठ्याचं तूप बघितलंस," फरहीन म्हणाली.

कल्याणी नवऱ्याला घेऊन निघून गेली.

सातव्या दिवशी पाटी उतरली. आठव्या दिवशी त्याच ओव्हनवर, त्याच जागी 'कल्याणी खारी' लागली. फरहीनचा भाऊ इजहार वाटूरहून फोटो काढून घेऊन आला. त्याला खटला भरायचा होता. फरहीनने पाकिटाचा रंग बघितला. तो पिवळा होता, हिरवा नव्हता. "राहू दे," ती म्हणाली.

कल्याणीचं पुढचं वर्ष सोपं गेलं नाही. वाटूरची गिऱ्हाईकं आली, पण हायवेवरनं जाणारे नाव बघून थांबायचे, ते थांबेनात. दोनातली एक पोरगी कमी करावी लागली, असं ऐकलं. पंपावरचा कियॉस्कही चालला नाही. वाटूरला माल पोचवणारी गाडी थांबल्यावर एकट्या पंपासाठी जालन्याहून रोज ताजी खारी पाठवणं परवडेना. फरहीनने तो बंद केला आणि पंपवाल्याला निम्मे पैसे परत दिले. बाकीच्या आठांपैकी दोघांनी मुदत संपल्यावर करार वाढवला नाही. उरलेल्यांसाठी नवा करार झाला. त्यात क्षेत्राचा नकाशा जोडला होता आणि एक ओळ होती: दुकान, गाडा, कियॉस्क, ऑनलाइन पोचवणं, काहीही त्या क्षेत्रात दुसऱ्याला देणार नाही. पानांचा दर दर सहा महिन्यांनी बाजाराशी ताडून बघायचा, हेही त्यात आलं. ते फरहीनने सगळ्यात शेवटी, नाइलाजानं लिहिलं.

मार्चमध्ये अंकुशनगरहून तातेराव नावाचा माणूस फ्रँचायझी घ्यायला आला. साखर कारखान्यातून नुकताच निवृत्त झालेला, फंडाचे पैसे हाती. फाइल उघडायच्या आधीच त्यानं विचारलं, "वाटूरला काय झालं, मॅडम?"

फरहीनने सांगितलं. खवट तूप सांगितलं, पंप सांगितला, दीड लाखाचा आकडाही सांगितला. तातेरावनं फाइल न उघडताच बाजूला ठेवली.

"त्या बाईंशी बोलता येईल का?"

शेजारी बसलेला इजहार खुर्चीत सरकला. फरहीनने कागदाच्या चिठोऱ्यावर कल्याणीचा नंबर लिहून त्याच्यापुढे सरकवला.

"करा. ती मला शिव्याच देणार. त्यातल्या निम्म्या बराबर असतील," ती म्हणाली. "कुठल्या निम्म्या, ते तुम्ही ठरवा. मग या."

तातेराव चिठोरा खिशात घालून गेला. तो परत येईल की नाही, हे फरहीनला माहीत नव्हतं. इजहार दिवसभर तिच्याशी बोलला नाही.